साफ केल्यावर दात हलतात का? ४० सेकंदांच्या ‘गैरसमज आणि खरं’ व्हिडिओची स्क्रिप्ट

दातांच्या डॉक्टरांसाठी लिहिलेल्या माझ्या पहिल्या स्क्रिप्टमध्ये ४० सेकंदांत पाच गैरसमज बसवले होते. मोठं लाल ‘गैरसमज’, मागून हिरवं ‘खरं’, असं पाच वेळा. व्हिडिओ चकचकीत झाला. घरी आईला दाखवला आणि तासाभराने विचारलं, काय सांगितलं त्यात? ती म्हणाली, “दात साफ केले की हलतात, असं काहीतरी होतं ना?” डॉक्टरांनी नेमकं याच्या उलट सांगितलं होतं.

हिशोब मांडला तेव्हा चूक दिसली. पाच गैरसमज म्हणजे प्रत्येकाला आठ सेकंद. आठ सेकंदांत मराठीत सतरा-अठरा शब्द बोलून होतात. त्यातले सहा-सात गैरसमज सांगण्यात गेले, की खऱ्या गोष्टीला दहा उरतात. ‘असं का’ हे सांगायला एकही उरत नाही. ऐकणाऱ्याकडे गैरसमजाची एक सबंध गोष्ट असते, कारणासकट, शेजारणीच्या अनुभवासकट. आपण तिच्यासमोर नुसतं ‘नाही’ ठेवतो, आणि ते टिकत नाही.

म्हणून पहिला नियम: एका व्हिडिओत एकच गैरसमज. डॉक्टरांकडे दहा असतील तर दहा व्हिडिओ करा. खाली मी एकच विषय, ‘मशीनने दात साफ केले की दात हलायला लागतात’, सुरुवातीपासून तयार स्क्रिप्टपर्यंत नेऊन दाखवतो.

गैरसमज कुठून आणायचा

डॉक्टरांना विचारू नका. म्हणजे विचारा, पण नंतर. त्यांना ‘लोकांचे गैरसमज सांगा’ म्हटलं की ते पुस्तकातले सांगतात. खरी खाण असते दवाखान्याच्या काउंटरवर. फोन घेणारी, नंबर लावणारी ताई दिवसभर लोकांचं बोलणं ऐकत असते. तिच्याशेजारी एक सकाळ बसा आणि लोक जे म्हणतात ते त्यांच्याच शब्दांत लिहून घ्या. मला मिळालेली काही वाक्यं अशी होती: “वरची दाढ आहे, काढली तर नजर जाईल ना?” “दुधाचाच दात आहे, पडणारच आहे, कशाला भरायचा?” “ते मशीन नको, आमच्या जाऊबाईंचे दात खिळखिळे झाले.”

या तिन्हींवर व्हिडिओ होऊ शकतो, कारण तिन्हींमुळे माणूस काहीतरी करायचं टाळतो. किडलेली दाढ तोंडात ठेवतो, मुलाचा दात कुजू देतो, हिरड्या सुजलेल्या असताना दवाखान्यात जात नाही. ज्या समजुतीने वागण्यात काहीच फरक पडत नाही, तिच्यावर ४० सेकंद घालवू नका.

दुसरी अट अशी, की खरं कारण एका दमात सांगता आलं पाहिजे. नजरेचंच घ्या. वरच्या दाढांना जाणीव देणारी नस मेंदूतून निघणाऱ्या पाचव्या नसेची फांदी असते. दिसतं ते दुसऱ्या नसेमुळे. दोन्ही वायरी वेगळ्या, एक कापली म्हणून दुसरी बंद पडत नाही. झालं, विषय संपला. मिश्रीचं तसं नाही. ‘मिश्रीने दात मजबूत होतात’ हा आपल्याकडचा जुना आणि घातक समज आहे. टूथपेस्ट आणि टूथपावडरमध्ये तंबाखू घालायला केंद्र सरकारने १९९२ मध्येच बंदी घातली, तरी घराघरांत तवा तापतोच. पण मिश्री लावणाऱ्या बाईला बहुतेक वेळा माहिती पुरेशी असते, अडचण सवयीची असते. तंबाखूची तलफ ४० सेकंदांच्या खुलाशाने जात नाही. तो विषय वेगळ्या प्रकाराने करावा, या साच्यात कोंबू नये.

डॉक्टरांना बोलतं करणं

समोर कागद ठेवू नका, फोनवर रेकॉर्डिंग लावा आणि तीनच प्रश्न विचारा. लोकांना असं का वाटतं? खरं काय घडतं? आणि हे ऐकून त्यांनी उद्या काय करावं? दहा मिनिटं पुरतात.

यातला पहिला प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा आहे आणि नवीन लिहिणारे नेमका तोच गाळतात. अंगात मुरलेल्या गैरसमजामागे बहुधा काहीतरी डोळ्यांनी पाहिलेलं असतं. ज्या डॉक्टरांबरोबर मी काम करत होतो त्यांनी सांगितलं ते असं. दातांवर बसलेलं किटण वेळेवर निघालं नाही की कडक होतं. मग ते ब्रशने निघत नाही. त्यालाच दातांवरचा दगड म्हणतात. त्या खडबडीत दगडावर जंतू ठाण मांडतात, हिरडी सुजते, रक्त येतं आणि वर्षानुवर्षं हे चाललं की हिरडीखालचं हाड झिजतं. दात सैल होतो तो इथे. पण तोच दगड दातांच्या फटींमध्ये सिमेंटसारखा बसलेला असतो, त्यामुळे सैल झालेले दात एकमेकांना धरून उभे राहतात. डॉक्टर मशीनने तो दगड काढतात. त्या मशीनचं टोक वेगाने थरथरतं आणि त्यातून पाण्याचा फवारा येतो. त्या थरथरीने दगड सुटतो, दात घासला जात नाही. पण दगड निघाला की झाकलेली फट उघडी पडते, जीभ तिथे जाते आणि माणूस म्हणतो, मशीनने माझे दात हलवले.

म्हणजे पेशंटचा अनुभव खरा आणि त्याने काढलेलं कारण खोटं. स्क्रिप्टचा जीव इथेच आहे. ‘तुम्हाला जाणवलं ते खरं आहे’ एवढं मान्य केलं की माणूस पुढचं ऐकून घेतो. ‘हे साफ खोटं आहे’ म्हटलंत की तो जाऊबाईंची बाजू घेतो.

वाक्यांचा क्रम

या प्रकारात सर्रास दिसणारी सुरुवात म्हणजे गैरसमज मोठ्या आवाजात सांगणं. माझा त्याला विरोध आहे. एखादं विधान पुन्हा पुन्हा कानावर पडलं की ते ओळखीचं होतं आणि ओळखीचं ते खरं वाटायला लागतं. १९७७ पासून मानसशास्त्रज्ञांनी प्रयोगांतून हे दाखवलेलं आहे. शिवाय चार-पाच सेकंदांत अंगठा वर सरकवणारे बरेच असतात. त्यांच्या वाट्याला नुसता गैरसमजच येतो, तोही डॉक्टरांच्या तोंडून.

म्हणून मी क्रम असा ठेवतो. आधी खरी गोष्ट. मग गैरसमज, एकदाच, आणि तो पेशंटचा म्हणून. त्यानंतर तसं का वाटतं आणि खरं काय घडतं. मग काय करायचं. शेवटी खरी गोष्ट पुन्हा, नव्या शब्दांत. यातला ‘का’चा भाग सगळ्यात मोठा, निदान पंधरा सेकंदांचा हवा.

‘आधीच खरं सांगितलं तर उत्सुकता कुठे राहिली?’ असं कुणी म्हणेल. खऱ्या गोष्टीतच खटकणारं काहीतरी असेल तर उत्सुकता राहते. माझ्या कच्च्या मसुद्यातलं पहिलं वाक्य होतं: ‘मशीनने दात हलत नाहीत, ते आधीपासूनच हलत असतात.’ हे ऐकून माणूस थबकतो.

८७ शब्द

कॅमेऱ्यासमोर सावकाश, समजावून बोलणारा मराठी माणूस सेकंदाला साधारण दोन ते सव्वादोन शब्द बोलतो. आपले शब्द प्रत्यय लागून लांबतात. ‘दातांवरच्यासुद्धा’ हा मोजायला एकच शब्द, पण बोलायला तिघांचा वेळ घेतो. त्यामुळे ४० सेकंदांना ८५ ते ९० शब्द धरा. शंभरच्या वर गेलात की डॉक्टर धावत बोलतील आणि व्हिडिओ बातम्यांच्या शेवटच्या मिनिटासारखा वाटेल.

बऱ्याच काटछाटीनंतर उरलेली स्क्रिप्ट ही:

० ते ५ सेकंद: “दात साफ केल्याने हलत नाहीत. ज्यांचे हलतात, त्यांचे आधीच सैल झालेले असतात.”

६ ते ११: “‘मशीन लावलं आणि दात हलले’ असं पेशंट सांगतात. त्यांना जाणवतं ते खोटं नसतं.”

१२ ते २७: “दातांवरचं किटण कडक होऊन त्याचा दगड होतो. त्याने हिरडी सुजते, खालचं हाड झिजतं, दाताचा आधार जातो. पण तोच दगड फटींमध्ये बसून दातांना एकमेकांशी धरून ठेवतो. तो काढला की झाकलेली फट दिसते, सैलपणा जाणवतो.”

२८ ते ३५: “दगड तसाच ठेवला तर हाड झिजतच राहतं. घासताना हिरडीतून रक्त येत असेल, तर दात हलायची वाट पाहू नका, तपासून घ्या.”

३६ ते ४०: “दात सैल करतो तो दगड. मशीन तो दगड काढतं.”

मोजून ८७ शब्द. यात ‘नमस्कार, मी डॉक्टर अमुक’ नाही, हे लक्षात आलं असेल. त्याला चार सेकंद लागतात. नाव आणि पदवी पडद्यावर खाली लिहिता येते. ‘व्हिडिओ आवडला तर’ वगैरेही नाही.

डॉक्टरांनी मारलेल्या काट्या

मसुदा डॉक्टरांना वाचून दाखवला, तेव्हा त्यांनी पहिल्याच वाक्याला हात वर केला.

“हे मी बोलणार नाही.”

“का, मॅडम? जोरदार आहे की.”

“जोरदार आहे, पण सगळ्यांचेच दात आधीपासून हलत असतात असा त्याचा अर्थ होतो. वीस वर्षांचा मुलगा येतो, थोडं किटण असतं, साफ करून जातो. त्याचे ना आधी हलत होते, ना नंतर हलतात. ऐकून घाबरायचा तो.”

म्हणून ‘ज्यांचे हलतात, त्यांचे’ हे तीन शब्द आले. वाक्याची धार थोडी कमी झाली, पण ते खरं झालं. दुसरी काट शेवटी होती. मी हौसेने लिहिलं होतं, ‘साफ केल्यावर दात पुन्हा घट्ट होतात.’ त्या म्हणाल्या, सूज उतरली की हिरडी दाताला आवळून बसते, काहींना फरक जाणवतो. पण झिजलेलं हाड नुसत्या सफाईने परत येत नाही. जे हातात नाही त्याचं वचन देऊ नका. ते वाक्य गेलं.

एका ठिकाणी मात्र त्यांनी सूट दिली. काटेकोर बोलायचं तर हाड झिजतं ते दगडावर बसणाऱ्या जंतूंमुळे आणि त्यातून आलेल्या सुजेमुळे. ‘दात सैल करतो तो दगड’ हे सोपं करून सांगणं झालं. पण ते ऐकून कुणी चुकीचं वागणार नाही, वागलाच तर दगड काढून घेईल. कुठलं सोपं करणं चालतं आणि कुठलं नाही, हे ठरवायला मला ही कसोटी फार उपयोगी पडते: ऐकणारा यामुळे उद्या काय करेल?

डॉक्टरांकडून आणखी एक गोष्ट तपासून घ्या, ती म्हणजे जाहिरातीचा वास. रुग्ण ओढण्यासाठी प्रत्यक्ष किंवा आडवळणाने जाहिरात करणं डेंटल कौन्सिलच्या २०१४ च्या आचारसंहितेत बसत नाही. ‘आमच्याकडे या’, ‘या महिन्यात सवलत’, ‘वेदनारहित’, ‘शंभर टक्के खात्री’ असलं काही स्क्रिप्टमध्ये शिरू देऊ नका. म्हणूनच वर ‘तपासून घ्या’ एवढंच आहे, कुणाकडे ते नाही. पेशंटचा चेहरा, एक्स-रे किंवा तोंडाचा फोटोही त्याच्या लेखी परवानगीशिवाय नको. मी तर मॉडेलवरच भागवतो.

बोलणं आणि दाखवणं

स्क्रिप्टचे दोन रकाने करा. डावीकडे काय बोलायचं, उजवीकडे काय दिसायचं. माहिती सगळी डावीकडे भरून उजवीकडे नुसतं ‘डॉक्टर बोलत आहेत’ लिहिलं असेल, तर काम अर्धंच झालंय.

या व्हिडिओत दाखवायची वस्तू एकच होती. दवाखान्यात पेशंटला समजावण्यासाठी दातांचं मोठं मॉडेल असतं. खालच्या पुढच्या दातांच्या मागच्या बाजूला, म्हणजे जिभेकडून, आम्ही फटींमध्ये पिवळसर मेण दाबून बसवलं. जागा मुद्दाम ती निवडली. तिथेच लाळेच्या ग्रंथींची तोंडं उघडतात, लाळेतल्या क्षारांनी किटण कडक होतं, त्यामुळे बहुतेकांच्या तोंडात दगड तिथेच जास्त सापडतो. घरी आरशात पाहणाऱ्यालाही तो तिथेच दिसेल. ‘तो काढला की’ या शब्दांवर डॉक्टरांनी मेणाचा तुकडा अवजाराने उचलला आणि मागून उजेड आला, फट दिसली. त्या दोन सेकंदांनी जे सांगितलं ते मला वीस शब्दांतही जमलं नसतं.

वेळ जुळवताना आम्ही एकदा फसलो. डॉक्टर ‘फट दिसते’ म्हणून गेल्या आणि मेण चिकटून बसलेलं. आता मी उजव्या रकान्यात कृती नेमक्या शब्दाखाली लिहितो आणि मेण आधीच थोडं सैल करून ठेवतो.

पडद्यावरच्या अक्षरांचंही तसंच. बसमध्ये, ऑफिसात बरेच जण आवाज बंद ठेवून पाहतात, त्यामुळे बोललेलं सगळं खाली उमटलं पाहिजे. एका वेळी चार-पाच शब्द, दोन ओळींच्या आत. उभ्या व्हिडिओत अगदी तळाला आणि उजव्या कडेला अ‍ॅपची बटणं आणि नाव येतं, म्हणून अक्षरं तिथून वर आणि थोडी डावीकडे घ्या. व्हिडिओच्या पहिल्या चित्रावर, जे न उघडताच दिसतं, तिथे ‘दात साफ केले की हलतात?’ असं लिहू नका. प्रश्नचिन्ह कुणी वाचत नाही. तिथे लिहा: ‘दात सैल करतो तो दगड’.

चाचणी

स्क्रिप्ट मनात वाचून वेळ लावू नका, मनातलं वाचन जलद होतं. उभं राहून, मोठ्याने, हातात घड्याळ घेऊन तीनदा वाचा. माझं पहिलं वाचन ४७ सेकंदांचं झालं. दोषी होतं एक वाक्य: ‘दातांच्या मुळाभोवतीच्या जबड्याच्या हाडाची झीज होत जाते.’ चार षष्ठ्यांची आगगाडी. त्याचं ‘खालचं हाड झिजतं’ केलं आणि पुढची दोन वाक्यंही सुटसुटीत झाली. जिथे जीभ अडखळते किंवा मध्येच श्वास घ्यावा लागतो, तिथे वाक्य तोडा. डॉक्टरांनाही एकदा वाचायला लावा आणि त्या जो शब्द आपसूक बदलतील तो बदललेलाच ठेवा. आमच्या डॉक्टर दरवेळी ‘रुग्ण’च्या जागी ‘पेशंट’ म्हणत होत्या. मग स्क्रिप्टमध्येही पेशंटच आला.

शूटिंगनंतरची चाचणी मी आईवरच करतो. एकदा आवाज बंद करून दाखवायचा, एकदा आवाजासह. मग तासभर दुसऱ्या कामात घालवायचा आणि विचारायचं, काय सांगितलं? उत्तरात गैरसमज आधी आला तर क्रम चुकलाय. ‘दगड’ शब्द आलाच नाही तर कारणाचा भाग कमी पडलाय. उत्तर बरोबर आलं पण ‘मग करायचं काय?’ असा प्रश्न आला, तर २८ ते ३५ सेकंदांमधलं वाक्य गुळमुळीत आहे.

यावेळी ती म्हणाली, “दगडानेच धरून ठेवलेले असतात म्हणे.” आणि लगेच, “पण थंड पाणी झोंबतं त्याचं काय? मला गेल्या वेळी चार दिवस झोंबत होतं.”

ते आम्ही जाणूनबुजून वगळलं होतं. सफाईनंतर दाताचा झाकलेला भाग उघडा पडल्याने काही दिवस थंडगार झोंबू शकतं, हे खरं आहे. पण ते ८७ शब्दांत घातलं असतं तर फटीचं बोलणं अर्ध्यावर तुटलं असतं. आईचं वाक्य मी वहीत तिच्याच शब्दांत उतरवून घेतलं. पुढच्या शूटिंगला मॉडेल तेच आणि मेणही तेच, फक्त विषय थंड पाण्याचा.